अभ्यासाचा ब्लॉक ढकलला गेला तर तो कुठे जाईल, हे आधीच ठरवा: कॅलेंडर आणि रिमाइंडर लावण्याची पद्धत

टाइम ब्लॉकिंग, म्हणजे कामासाठी कॅलेंडरमध्ये आधीच वेळ राखून ठेवणं, सुरू करणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी एकच काम करतात. कॅलेंडर ॲप उघडायचं, ‘अभ्यास’ नावाचा रोज रात्री ८ ते १०चा इव्हेंट टाकायचा आणि तो रोज रिपीट होईल असं लावायचं. पहिले काही दिवस तो पाळला जातो. मग एका संध्याकाळी ऑफिसचं काम लांबतं, नोटिफिकेशन येतं, बोटाने बाजूला सारलं जातं आणि तो ब्लॉक मागे पडतो. कॅलेंडरमध्ये तो अजूनही ८ ते १० असाच दिसत असतो, जणू अभ्यास झालाच. आठवडाभरात असे तीन ब्लॉक जातात आणि त्यानंतर ते नोटिफिकेशन कानावर पडणंच बंद होतं.

यात वेळ कमी पडलेला नसतो. ढकललेल्या ब्लॉकला जाऊन बसायला जागाच ठेवलेली नसते आणि नोटिफिकेशन अशा क्षणी येतं की तेव्हा उठणं शक्य नसतं. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टींभोवती आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. रिमाइंडर आधी आणि वेळापत्रक नंतर केलं, तर चुकीच्या वेळेला वाजणारी घंटा तेवढी हाती लागते.

ॲपमधली नावं गूगल कॅलेंडरची दिली आहेत, कारण ते अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर तिन्हीकडे चालतं. ॲपल कॅलेंडर किंवा आउटलुक वापरत असाल तर कुठे फरक पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

उदाहरणासाठी एक जण घेऊ. दिवसभर नोकरी, संध्याकाळी साडेसातपर्यंत घरी. सांख्यिकीची परीक्षा १० आठवड्यांवर आली आहे आणि अभ्यासक्रमात १६ प्रकरणं आहेत.

## टप्पा १: कॅलेंडर उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी

कामाचा अंदाज. ‘रोज दोन तास अभ्यास’ हा अंदाज नव्हे. एका प्रकरणाला किती वेळ लागतो ते आधी बघा. एक प्रकरण घ्या, घड्याळ लावून वाचा आणि त्याची उदाहरणं सोडवा. आपल्या उदाहरणात वाचन आणि टिपणं यांना दीड तास आणि उदाहरणांना दीड तास लागला. म्हणजे प्रकरणामागे ३ तास आणि १६ प्रकरणांना ४८ तास.

आता हे ४८ तास १० आठवड्यांवर पसरू नका. शेवटचा आठवडा उजळणीला काढा आणि त्याआधीचा एक आठवडा पूर्ण रिकामा ठेवा. हा रिकामा आठवडा थकबाकीसाठी आहे, त्यात आज काहीही लिहायचं नाही. उरले ८ आठवडे. ४८ भागिले ८, म्हणजे आठवड्याला ६ तास. दीड तासाचे चार ब्लॉक.

खरा आठवडा. मागचा आठवडा आठवून, शक्य असेल तर या चालू आठवड्यात रोज टिपून, संध्याकाळ आणि सकाळ प्रत्यक्षात कशी गेली ते लिहा. कशी जायला हवी होती ते नको. आपल्या उदाहरणात असं दिसलं की सोमवारी घरची कामं असतात आणि बुधवारी ऑफिसची मीटिंग हमखास लांबते. मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी रात्री आठपासून साडेनऊपर्यंतचा वेळ बहुतेक वेळा मोकळा राहतो. शनिवार-रविवारच्या सकाळी लवकरचा वेळ कुणी मागत नाही.

त्या वेळेच्या लगेच आधी काय चालू असतं. ही टीप जवळजवळ कुणीच लिहीत नाही आणि रिमाइंडर नेमका याच्यावरच चालतो. मंगळवारी आठच्या आधी जेवण असेल, तर आठ वाजता वाजणारं नोटिफिकेशन ताटावर असताना येणार. तिथे त्याला एकच उत्तर मिळतं: ‘नंतर बघू’. प्रत्येक निवडलेल्या वेळेसमोर आधीचं काम आणि ते आटोपायला लागणारी मिनिटं लिहून ठेवा.

तपासा: निवडलेल्या चार वेळांपैकी प्रत्येक वेळ मागच्या दोन आठवड्यांत निदान एकदा खरोखर मोकळी होती का? नसेल, तर ती वेळ फक्त इच्छा म्हणून लिहिली गेली आहे. दुसरी शोधा.

## टप्पा २: दोन वेगळी कॅलेंडरं तयार करा

संगणकावर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा. डावीकडे “Other calendars” शेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक करून “Create new calendar” निवडा. पहिल्याला नाव द्या ‘अभ्यास’, दुसऱ्याला ‘राखीव’. बुडालेला ब्लॉक नंतर जिथे बसवायचा, त्या मोकळ्या वेळा ‘राखीव’मध्ये जातील. दोघांना ठळकपणे वेगळे रंग द्या.

वेगळी कॅलेंडरं करण्याचं कारण नुसतं नीटनेटकेपण नाही. गूगल कॅलेंडरमध्ये प्रत्येक कॅलेंडरला स्वतःची ठरलेली नोटिफिकेशनं देता येतात. ‘अभ्यास’मधला प्रत्येक ब्लॉक आपोआप वाजेल आणि ‘राखीव’मधला कधीच वाजणार नाही, हे आपल्याला इथेच करायचं आहे. शिवाय आठवड्याच्या शेवटी ‘अभ्यास’ सोडून बाकी सगळी कॅलेंडरं लपवली, की हिशेब एका नजरेत दिसतो.

अभ्यासाचा ब्लॉक इव्हेंट म्हणून टाका, टास्क म्हणून नको. टास्क अपूर्ण राहिला तर तो थकीत कामांच्या यादीत पडून राहतो. त्याने काम उरल्याची आठवण होते, पण ते करायला वेळ कुठे आहे हे कळत नाही. इव्हेंटला सुरुवात आणि शेवट असतो, त्यामुळे तो दुसरीकडे ठेवायचा तर तेवढी रिकामी जागा शोधावीच लागते. आपल्याला हीच सक्ती हवी आहे.

## टप्पा ३: आधी राखीव ब्लॉक, मग अभ्यासाचे

हा क्रम उलटा वाटेल, पण राखीव जागा शेवटी ठेवायला गेलं की ती कधीच उरत नाही. चार अभ्यास-ब्लॉकमागे दोन राखीव ठेवा. लांबीही तेवढीच हवी, कारण दीड तासाचा ब्लॉक पाऊण तासाच्या जागेत बसत नाही.

राखीव ब्लॉक अभ्यासाच्या ब्लॉकनंतर लवकर यायला हवा. सगळे राखीव रविवारी रात्री ठेवले, तर मंगळवारचा बुडालेला ब्लॉक पाच दिवस लोंबकळतो आणि रविवारी दोन-तीन एकदम अंगावर येतात. आपल्या उदाहरणातला आठवडा असा बसतो:

- मंगळवार, रात्री ८:०० ते ९:३०: अभ्यास
- गुरुवार, रात्री ८:०० ते ९:३०: अभ्यास
- शुक्रवार, रात्री ८:०० ते ९:३०: राखीव
- शनिवार, सकाळी ७:३० ते ९:००: अभ्यास
- रविवार, सकाळी ७:३० ते ९:००: अभ्यास
- रविवार, संध्याकाळी ५:०० ते ६:३०: राखीव

सोमवार आणि बुधवार कोरे आहेत आणि कोरेच राहू द्या.

सगळे इव्हेंट साप्ताहिक रिपीटवर टाका. “Custom” रिपीटमध्ये मंगळवार आणि गुरुवार एकत्र निवडता येतात, कारण त्यांची वेळ एकच आहे. शनिवार-रविवारची सकाळ ही दुसरी मालिका.

सावधान: रिपीटला शेवट द्या. त्यासाठी “Ends” मध्ये “On” निवडून आठव्या आठवड्याची तारीख घाला. “After” निवडलं तर तिथला आकडा आठवड्यांचा नसतो, किती वेळा व्हायचं त्याचा असतो. मंगळवार आणि गुरुवार मिळून ८ आठवड्यांत १६ वेळा होतात. तिथे ८ लिहिलं तर मालिका चौथ्या आठवड्यात गुपचूप संपते आणि पाचव्या आठवड्यात रिमाइंडर का येत नाही ते कळत नाही.

राखीव ब्लॉक थकबाकीच्या नवव्या आठवड्यातही चालू ठेवा.

राखीव ब्लॉकबद्दल एक नियम मनापासून पाळा: त्या आठवड्यात काही बुडालं नसेल, तर राखीव वेळ खरोखर मोकळा सोडा. ‘वेळ आहेच तर थोडं पुढचं वाचून टाकू’ असं दोन आठवडे केलं की तो मनातल्या मनात पाचवा नियमित ब्लॉक होतो. मग बुडालेल्या ब्लॉकला पुन्हा जागा नाही.

## टप्पा ४: ब्लॉकच्या नावात आणि आत काय लिहायचं

आठ वाजता पडद्यावर ‘अभ्यास’ एवढंच दिसलं, तर काय करायचं हे तेव्हा ठरवावं लागतं, आणि दमलेला माणूस ठरवण्याचं काम टाळतो. मालिकेचं मूळ नाव ‘सांख्यिकी’ एवढं साधं ठेवा. मग आठवडा सुरू होण्याआधी त्या आठवड्यापुरते चार ब्लॉक उघडून नाव भरा:

> सांख्यिकी प्र. ५: उदाहरणं १ ते १२ सोडवणे

वर्णनाच्या जागेत तीन ओळी पुरतात. पान क्रमांक किंवा फाइलची लिंक, बसण्याची जागा, आणि पहिली कृती. पहिली कृती इतकी लहान हवी की ती वाचता वाचता हात चालू व्हावा: ‘पान ८८ उघड, उदाहरण १मधली माहिती वहीत उतरव’. ‘प्रकरण समजून घेणे’ ही कृती होत नाही, कारण ती कुठून सुरू करायची आणि कधी संपली ते कळत नाही.

बदल जतन करताना ॲप विचारेल: “This event”, “This and following events” की “All events”. नाव भरताना कायम “This event”. इथे घाईत “All events” दाबल्यामुळे उरलेल्या सगळ्या आठवड्यांत ‘प्र. ५’ दिसू लागतं, ही फार वारंवार होणारी चूक आहे. ॲपल कॅलेंडरमध्येही याच अर्थाचा प्रश्न येतो, तिथे फक्त हा इव्हेंट की पुढचे सगळे एवढेच पर्याय असतात.

सावधान: एकेका ब्लॉकमध्ये बदल करून झाल्यावर पुढे कधी पूर्ण मालिकेची वेळ “All events” ने बदलली, तर वेगवेगळे केलेले बदल पुसले जाऊ शकतात. त्यामुळे नावं एका वेळी एकाच आठवड्याची भरा. आठही आठवड्यांची आज भरून ठेवली तर दोन नुकसानं होतात: मालिका हलवताना ती जाण्याची भीती असते, आणि तिसऱ्या आठवड्यात एक ब्लॉक बुडाला की पुढची सगळी नावं चुकीची ठरतात.

## टप्पा ५: रिमाइंडर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून करा.

एका ब्लॉकला तीन रिमाइंडर लागतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला, त्या दिवशी दुपारी. साधारण ब्लॉकच्या ६ ते ७ तास आधी. याचं काम बसवायचं नाही, विचारायचं आहे: आज रात्रीचा ब्लॉक शक्य आहे का? ऑफिसमध्ये काहीतरी लांबणार असेल तर त्याचा अंदाज दुपारी दोनला आलेला असतो. तेव्हाच ब्लॉक राखीव जागी हलवला, तर तो निर्णय शांतपणे होतो. रात्री आठला घेतलेला तोच निर्णय सुटल्यासारखा वाटतो. सकाळच्या ब्लॉकसाठी हा रिमाइंडर आदल्या रात्री हवा. साडेसातच्या ब्लॉकला १० तास आधी, म्हणजे रात्री साडेनऊ.

दुसरा, आवरण्यासाठी. किती मिनिटं आधी, ते टप्पा १मधल्या तिसऱ्या टिपणातून घ्या. जेवण आटोपून टेबल मोकळं करायला २५ मिनिटं लागत असतील तर ३० मिनिटं आधी लावा. सगळ्यांना १० मिनिटं आधीची सवय असते, पण १० मिनिटांत फक्त चालू काम अर्धवट सोडता येतं आणि ते कुणाला आवडत नाही.

तिसरा, सुरुवातीच्या क्षणी. हा कॅलेंडरच्या नोटिफिकेशनवर सोडू नका. ते एकदा हलकं वाजतं आणि बाकी नोटिफिकेशनांच्या ढिगात जाऊन बसतं. सुरुवातीसाठी फोनच्या घड्याळातला गजर लावा. तो बंद करेपर्यंत वाजत राहतो. मंगळवार आणि गुरुवारसाठी ८:००चा रिपीट गजर, आणि फोन तुम्ही जिथे अभ्यासाला बसता त्या टेबलावर ठेवायचा. गजर बंद करायला गेलात की तुम्ही टेबलाशी पोचलेले असता.

पहिले दोन रिमाइंडर संगणकावरून लावा: सेटिंगमध्ये “Settings for my calendars” खाली ‘अभ्यास’ निवडा आणि “Event notifications” मध्ये दोन ओळी घाला, एकीत ७ तास आणि दुसरीत ३० मिनिटं. शनिवार-रविवारच्या मालिकेला मात्र ७ तासांचा रिमाइंडर रात्री साडेबाराला वाजेल. म्हणून ती मालिका उघडून तिथे ७ तासांच्या जागी १० तास करा. ‘राखीव’च्या “Event notifications” मधल्या सगळ्या ओळी काढून टाका.

ॲपल कॅलेंडरमध्ये “Alert” आणि “Second Alert” असे दोन मिळतात, तेवढे आपल्याला पुरतात. आउटलुकच्या नेहमीच्या डेस्कटॉप ॲपमध्ये एका इव्हेंटला एकच रिमाइंडर लावता येतो. तिथे दुपारच्या प्रश्नासाठी ‘आजचा ब्लॉक पाहा’ असा पाच मिनिटांचा वेगळा इव्हेंट ठेवा आणि ब्लॉकचा एकमेव रिमाइंडर आवरण्यासाठी वापरा.

सावधान: ब्लॉक हलवला की त्याची कॅलेंडरची नोटिफिकेशनं बरोबर हलतात, पण घड्याळातला गजर हलत नाही. गुरुवारचा ब्लॉक शुक्रवारी नेला तर शुक्रवारसाठी एकदाच वाजणारा गजर हाताने लावा आणि गुरुवारचा त्या दिवसापुरता बंद करा. विनाकारण वाजणारा गजर दोनदा बंद केला की तो पुढे झोपेतल्यासारखा बंद होतो.

स्नूझ वापरू नका. स्नूझ केलेल्या दहा मिनिटांची कॅलेंडरमध्ये कुठेच नोंद होत नाही. ब्लॉक तिथेच दिसत राहतो आणि त्याची वेळ मात्र संपत जाते.

## टप्पा ६: फोन खरोखर वाजतो का, ते पाहा

आता एक चाचणी घ्या. ‘अभ्यास’ कॅलेंडरमध्ये दहा मिनिटांनी सुरू होणारा इव्हेंट टाका, त्याला ५ मिनिटं आधीचं नोटिफिकेशन द्या, फोन लॉक करून बाजूला ठेवा. पाच मिनिटांनी आवाज आला पाहिजे.

आला नाही तर या क्रमाने बघा. आधी फोनच्या सेटिंगमध्ये कॅलेंडर ॲपला नोटिफिकेशनची परवानगी आहे का. अँड्रॉइड १३पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते आणि पहिल्यांदा नकार दिला असेल तर ॲप गप्पच राहतं. मग त्या ॲपच्या नोटिफिकेशनचा प्रकार ‘सायलेंट’ तर नाही ना. मग कॅलेंडर ॲपमध्ये नवीन तयार केलेलं ‘अभ्यास’ कॅलेंडर खूण केलेलं आणि सिंक होत आहे ना. ब्राउझरमध्ये बनवलेलं कॅलेंडर फोनवर दिसतच नाही, असं पुष्कळदा होतं. शेवटी बॅटरी: काही अँड्रॉइड फोन बराच वेळ न उघडलेल्या ॲपला झोपवतात, आणि मग नोटिफिकेशन उशिरा येतं किंवा ॲप उघडल्यावरच येतं. ॲपच्या माहितीत बॅटरीचा पर्याय “Unrestricted” करा.

ही चाचणी दिवसा यशस्वी झाली तरी एकदा सकाळच्या ब्लॉकची करून बघा. रात्रभर पडून राहिलेला फोन आणि हातात असलेला फोन वेगळे वागतात.

‘डू नॉट डिस्टर्ब’ रात्री आपोआप चालू होत असेल तर आदल्या रात्रीचा साडेनऊचा रिमाइंडर त्यात सापडत नाही ना ते पाहा. घड्याळातला गजर साधारणपणे त्यातूनही वाजतो, आयफोनवर तर सायलेंट असतानाही वाजतो. पण अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये गजरही गप्प करण्याची सोय असते, तेव्हा ती एकदा बघून घ्या.

तपासा: चाचणीचा इव्हेंट पुसला का? तो रिपीटवर गेला नाही ना?

## टप्पा ७: ब्लॉक ढकलायची वेळ येते तेव्हा

रिमाइंडर वाजल्यावर तीनच उत्तरं मान्य करा: बसणे, हलवणे किंवा छोटा करणे. नोटिफिकेशन नुसतं बाजूला सारणं हे चौथं उत्तर, आणि तेच आपल्याला बंद करायचं आहे.

हलवणे म्हणजे त्या क्षणी ॲप उघडून ब्लॉक पुढच्या राखीव जागी ठेवणे. त्याच दिवसात हलवायचा असेल तर फोनवर ब्लॉक दाबून धरून ओढता येतो. दुसऱ्या दिवशी न्यायचा असेल तर उघडून तारीख बदलणं सोपं. पुन्हा “This event”. मग त्या दिवसाचा राखीव इव्हेंट “This event” निवडून काढून टाका, म्हणजे जागा वापरली गेली हे दिसेल.

अभ्यासाचा ब्लॉक कधीही पुसू नका. पुसला की आठवड्यात किती गेले याचा माग राहत नाही. चुकून पुसला गेला तर संगणकावर गूगल कॅलेंडरच्या “Trash” मध्ये तो ३० दिवस असतो.

छोटा करणे हे हलवायला जागा नसताना किंवा उशीर झालेला असताना. आठचा ब्लॉक आठ पन्नासला हाती आला, तर शेवट साडेनऊलाच ठेवा आणि उरलेल्या ४० मिनिटांत अर्धी उदाहरणं करा. शेवट पुढे सरकवला की झोप सरकते, आणि त्याची किंमत सकाळचा ब्लॉक भरतो.

आपल्या उदाहरणातला तिसरा आठवडा बघू. मंगळवार ठरल्याप्रमाणे झाला: प्रकरण ५चं वाचन. गुरुवारी दुपारी एकच्या रिमाइंडरलाच कळलं की ऑफिसमधून निघायला आठ वाजणार. तिथेच ‘प्र. ५: उदाहरणं १ ते १२’ शुक्रवार रात्री ८वर गेला, शुक्रवारचा राखीव निघाला, गजर बदलला. शुक्रवारी तो झाला. शनिवारी सकाळी प्रकरण ६चं वाचन झालं. रविवारी सकाळी पाहुणे आले. आदल्या रात्री साडेनऊला हे माहीत होतं, म्हणून तो ब्लॉक रविवारी संध्याकाळी ५वर गेला. पण संध्याकाळी पाहुणे निघायलाच सहा वाजले. उरलेल्या अर्ध्या तासात प्रकरण ६ची बारापैकी चार उदाहरणं झाली.

उरलेली आठ उदाहरणं पुढच्या आठवड्यात कोंबायची नाहीत. कोंबली तर चौथ्या आठवड्यात ६ऐवजी ७ तास लागतात, तो आठवडा आणखी फुटतो आणि पाचव्यात ८ येतात. ही आठ उदाहरणं थेट नवव्या, थकबाकीच्या आठवड्यातल्या राखीव ब्लॉकच्या वर्णनात लिहून टाका आणि मंगळवारपासून प्रकरण ७ सुरू करा. पुढचं प्रकरण आधीच्यावर अवलंबून असेल तर मात्र आठातली सगळ्यात महत्त्वाची दोन उदाहरणं मंगळवारच्या ब्लॉकच्या सुरुवातीला घ्या, तेवढंच.

## टप्पा ८: रविवारची पंधरा मिनिटं

रविवारी रात्री ‘आठवडा लावणे’ नावाचा १५ मिनिटांचा इव्हेंट ठेवा, त्याला स्वतःचा रिमाइंडर द्या. क्रम असा: झालेल्या ब्लॉकच्या नावाआधी ‘झालं’ लिहा. हलवून झालेल्याला ‘हलवून झालं’ आणि त्याचा मूळ वार. अपुऱ्या राहिलेल्याला ‘अर्धं’. मग पुढच्या आठवड्याच्या चार ब्लॉकची नावं भरा आणि ऑफिसचं, घरचं कॅलेंडर शेजारी चालू करून कुठे टक्कर होते ते पाहा.

टक्कर दिसली तर ब्लॉक आत्ताच हलवा. ब्लॉक ऑफिसच्या वेळेत येत असेल, तर तुमच्या खासगी कॅलेंडरमधला इव्हेंट सहकाऱ्यांना दिसत नाही आणि ते त्यावर मीटिंग ठेवतात. त्या ब्लॉकला तुमचा ऑफिसचा ईमेल पाहुणा म्हणून जोडा आणि तिकडून स्वीकारा. मग ती वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवरही व्यस्त दिसते.

दर तीन आठवड्यांनी शोधाच्या जागेत ‘हलवून’ टाइप करा आणि मूळ वार बघा. यातून तीन गोष्टी कळतात.

एकच वार पुन्हा पुन्हा दिसत असेल, समजा तीनपैकी तीन गुरुवार, तर ती वेळच चुकली आहे. गुरुवारचा ब्लॉक उघडा, तो शुक्रवारी न्या आणि राखीव गुरुवारी आणा, म्हणजे दोघांची अदलाबदल करा. मंगळवार आणि गुरुवार एकाच मालिकेत आहेत, तेव्हा आधी “This and following events” ने पुढची मालिका फक्त मंगळवारची करा आणि शुक्रवारसाठी नवी मालिका टाका. मागचे आठवडे जसेच्या तसे राहतात. गजर बदलायला विसरू नका.

वार वेगवेगळे असतील आणि दोन्ही राखीव दर आठवड्याला भरत असतील, तर आठवड्याला ६ तास तुमच्याकडे नाहीत. पाचवा किंवा सहावा ब्लॉक घालून हे सुटत नाही. चारचे तीन ब्लॉक करा आणि अभ्यासक्रमातून काय कमी खोलात करायचं ते ठरवा. ८ आठवड्यांत तीन ब्लॉकने ३६ तास होतात, म्हणजे १२ प्रकरणं पूर्ण, आणि उरलेली ४ फक्त थकबाकीच्या आठवड्यात, फक्त वाचून.

ब्लॉक वेळेवर होत असतील पण नावासमोर ‘अर्धं’ साठत असेल, तर बसण्यात काही चूक नाही, अंदाज चुकला आहे. टप्पा १मध्ये मोजलेलं प्रकरण बहुधा सोपं होतं. गेल्या तीन प्रकरणांना खरोखर किती वेळ लागला ते कॅलेंडरमधूनच मोजा आणि त्या आकड्यावर उरलेल्या आठवड्यांची नावं पुन्हा लावा.